निदान तेवढं करू नका

लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन आरोग्याची माहिती देणारी संगणकी यंत्रणा उभारायची आणि तिला निदान मात्र करू द्यायचं नाही, हे फार नाजूक काम आहे, असं सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. एका दुपारचं काम आहे. रोगांच्या नावांची एक लांबलचक यादी घ्या, तिची चाळणी बनवा, आणि प्रश्नात किंवा उत्तरात त्यातलं एखादं नाव दिसलं की ठरलेलं वाक्य पुढे सरकवा: ‘आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही, कृपया डॉक्टरांना भेटा.’ कायदेशीर सल्लागार खूश, वरिष्ठ खूश, आणि तुम्ही वेळेत घरी.

चाळणी किती चोख आहे हे पहिल्याच दिवशी कळेल. एक बाई विचारतात: ‘डॉक्टरांनी हायपोथायरॉइडिझम सांगितलाय, सकाळी रिकाम्या पोटी लिव्होथायरॉक्सिन घ्यायची आहे. माझी कॅल्शियमची गोळीही चालू आहे. दोन्ही एकदमच घेतल्या तर चालेल का?’ आता या प्रश्नात निदान करायला काही शिल्लकच नाही. ते डॉक्टरांनी केलंय, रक्त तपासून केलंय. बाईंना हवंय ते औषधासोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे: कॅल्शियम पोटात असलं की लिव्होथायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन गोळ्यांत निदान चार तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीचंही तेच. पण प्रश्नात रोगाचं नाव आलंय ना! मग चाळणीने बाईंना अडवलंच पाहिजे. बाई दोन्ही गोळ्या एका घोटात घेतील, पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच चढलेलं येईल, म्हणजे औषध कमी पडतंय असं दिसेल, आणि गोळी पोटात जाऊनही लागू का पडत नाही हे कुणी विचारलं नाही, तर डोस वाढेल. तुमच्या अहवालात मात्र ‘एक धोकादायक प्रश्न यशस्वीपणे रोखला’ अशी नोंद होईल. अहवाल महत्त्वाचा.

आता याच चाळणीतून काय सुखरूप पार होतं, तेही बघा. एक गृहस्थ लिहितात: ‘चार दिवसांपासून डावी पोटरी सुजलीय, दुखतेय. गेल्या आठवड्यात बारा तास बसून प्रवास झाला.’ प्रश्नात रोगाचं नाव नाही. उत्तर तयार होतं: ‘लांबच्या प्रवासानंतर पाय आखडणं सामान्य आहे. काळजीचं कारण नाही. हलकी मालिश करा, पाय उंचावर ठेवा, दोन दिवसांत बरं वाटेल.’ उत्तरातही रोगाचं नाव नाही. चाळणी समाधानाने मान डोलावते.

वास्तविक हे उत्तर म्हणजे निदानच आहे. ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ हा निकाल दिलाय, तोही पाय न बघता. एकाच पायाची पोटरी सुजली आणि आधी बराच वेळ बसून प्रवास झालेला असला, तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालीय का, हे त्याच दिवशी तपासून घ्यावं लागतं. आणि गुठळीची शंका असलेल्या पायाला मालिश करू नये. पण हे सगळं तुम्ही मनावर घेऊ नका. रोगाचं नाव नाही म्हणजे निदान नाही, ही व्याख्या सोपी आहे, यंत्राला पटकन शिकवता येते, आणि धीर दिल्याबद्दल आजवर कुणाला जाब विचारल्याचं तुमच्या ऐकिवात नसेल. कुठल्याही बैठकीत ‘गंभीर रोगाचं नाव घेतलं तर?’ असं सगळे विचारतात. ‘काही नाही म्हटलं आणि काही असलं तर?’ असं विचारणारा बहुधा त्या दिवशी रजेवर असतो.

समजा, कुणी कटकट केलीच आणि जरा आधुनिक व्हायची वेळ आली, तर थेट विधानांवर बंदी घाला. ‘तुम्हाला गुठळी झाली आहे’ हे चालणार नाही. ‘तुमची लक्षणं गुठळीशी जुळतात’ हे मात्र चालेल. ‘गुठळीची शक्यता सत्तर टक्के’ हे तर शास्त्रीयच वाटतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात तिन्ही वाक्यं एकाच जागी जाऊन बसतात आणि तो घरच्यांना एकच गोष्ट सांगतो, पण त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही क्रियापद बदललंय. हा सत्तरचा आकडा आला कुठून, हेही विचारू नका. पायाला हात लावला नाही, रक्ताची डी-डायमर तपासणी केली नाही, डॉप्लर सोनोग्राफी केली नाही. चार ओळी वाचून आलेला आकडा आहे तो, आणि आकड्याला कुणी उलट प्रश्न करत नाही.

इथे एका जमातीपासून सावध राहायला हवं. वर्षानुवर्षं फोनवर रुग्णांची विचारपूस करणाऱ्या नर्स. यांना निदान न करता उपयोगी पडायची वाईट सवय असते. फोनवरच्या त्यांच्या कामाची रचनाच तशी आहे: काय झालंय हे ठरवायचं नाही, किती घाई आहे आणि कुठे जायचं एवढं ठरवायचं. आधी जिवावर बेतू शकेल असं काही आहे का ते विचारायचं, ते नाही असं कळलं की पुढच्या पायरीवर यायचं. शेवटी हातात रोगाचं नाव येत नाही, येतं ते ‘आत्ता रुग्णवाहिका’, ‘आजच्या आज तपासणी’, ‘या आठवड्यात वेळ घ्या’ किंवा ‘घरी राहा, आणि अमुक झालं तर पुन्हा फोन करा’. अशी एखादी नर्स तुमच्या बैठकीत घुसली, तर ती त्या पोटरीवाल्या गृहस्थांसाठी साधारण असा मजकूर लिहून देईल:

‘तुम्हाला दम लागतोय का, छातीत दुखतंय का, खोकल्यातून रक्त पडलंय का? यातलं एकही असेल तर आत्ता रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. यातलं काही नसेल तरी एकाच पायाची सूज आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, तोवर मालिश करू नका. अशा सुजेची कारणं बरीच असतात. त्यांतलं एक, शिरेतली रक्ताची गुठळी, आधी तपासून वगळावं लागतं, म्हणून ही घाई. तुम्हाला ते आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. जाताना सांगा: कोणता पाय, कधीपासून, प्रवास किती तासांचा, अलीकडे ऑपरेशन किंवा प्लास्टर झालंय का, संततिनियमनाच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का.’

बघितलंत? रोगाचं नाव घेतलंय, पण घाई का करायची याचं कारण म्हणून. माणसाच्या गळ्यात अडकवलेलं नाही. असला मजकूर तुमच्या चाळणीत ‘गुठळी’ या शब्दापाशीच अडकेल, ही दिलासा देणारी बाब आहे. नाहीतर लोकांना सवय लागायची.

चाळणी कुठे बसवायची, हाही मोठा प्रश्न मानतात काही जण. तुम्ही ती फक्त शेवटच्या वाक्यावर बसवा. स्वस्त पडते. माणसं काही सगळं एका दमात सांगत नाहीत. तेच गृहस्थ पहिल्यांदा पोटरीबद्दल लिहितील, मग सुट्टीचा अर्ज कसा करायचा ते विचारतील, आणि दहा मिनिटांनी सहज म्हणतील, ‘सकाळपासून जिना चढताना धाप लागतेय, वजन वाढलंय बहुतेक. कुठला व्यायाम करू?’ शेवटचं वाक्य एकटं वाचलं तर प्रश्न व्यायामाचा आहे. पहिल्या वाक्याशेजारी ठेवून वाचलं तर रुग्णवाहिकेचा. एकदा धोक्याची खूण दिसली की ती पूर्ण संवादभर लक्षात ठेवायची आणि विषय बदलला तरी सोडायची नाही, असं नर्सबाई म्हणतील. तुम्ही व्यायामाचा तक्ता द्या. वजनाचं निदान तर रुग्णाने स्वतःच केलंय, त्याच्याशी तुमचा काय संबंध?

आणि ते ठरलेलं वाक्य! ते सढळ हाताने वापरा. पाणी किती प्यावं असं कुणी विचारलं, तरी खाली ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’. नखं तुटतात? डॉक्टरांचा सल्ला घ्या. छातीत दडपण येतंय आणि डावा हात जड झालाय? तेच वाक्य, त्याच अक्षरात, त्याच राखाडी रंगात. थोड्याच दिवसांत वाचणाऱ्याची नजर त्यावरून आपोआप घसरू लागते. कोणत्या डॉक्टरांचा, केव्हा, काय सोबत घेऊन, आणि आज रात्री काय झालं तर सकाळची वाट बघायची नाही, असले तपशील घालून ते वाक्य उगाच खरंखुरं करू नका. तपशील आला की तो चुकू शकतो. मोघम वाक्य चुकत नाही.

राहता राहिली यंत्रणेची चाचणी. तिच्यासाठी अडवायलाच हवेत असे पाचशे प्रश्न जमवा: ‘मला कॅन्सर आहे का सांग’, ‘रिपोर्ट बघून रोगाचं नाव सांग’ वगैरे. उत्तर द्यायलाच हवं असा एकही प्रश्न त्यात येऊ देऊ नका. मग बघा, सरसकट नाही म्हणणाऱ्या यंत्रणेला शंभरपैकी शंभर मिळतात. बंद पडलेल्या यंत्रणेलाही साधारण तेवढेच मिळाले असते, पण ही तुलना सादरीकरणात घालायची गरज नाही.

नर्सबाई इथेही नाक खुपसतील. त्या म्हणतील, प्रश्नांच्या जोड्या करा. एका तपशिलाचा फरक असलेले दोन प्रश्न: ‘थायरॉइडची गोळी कॅल्शियमसोबत घेऊ का’ आणि ‘थकवा येतो, थायरॉइडची गोळी सुरू करू का’. पहिल्याला सरळ उत्तर मिळायला हवं. दुसऱ्याला गोळी सुरू करण्याचा सल्ला नाही, पण थकव्याची कारणं अनेक असतात, त्यासाठी डॉक्टर सहसा कोणत्या रक्ततपासण्या सांगतात, आणि थकव्यासोबत काय दिसलं तर लवकर जायचं, एवढं तरी मिळायला हवं. मग पोटरीची जोडी: दोन्ही पायांना संध्याकाळी येणारी जुनी सूज, आणि एकाच पायाला अचानक आलेली. दोन्हींना एकच उत्तर आलं तर यंत्रणा वाचत नाहीये, नुसती शब्द टिपतेय, हे तिथल्या तिथे उघडं पडतं. शिवाय त्या दोन वेगळे आकडे मागतील: किती वेळा हद्द ओलांडून निकाल दिला, त्यात खोटा धीरही धरायचा, आणि किती वेळा सांगता येण्याजोगं असूनही परत पाठवलं. पहिला आकडा खाली आणताना दुसरा किती चढला, ते शेजारी शेजारी बघायचं म्हणे.

दुसरा आकडा मोजूच नका. परत पाठवलेला माणूस तक्रार नोंदवत नाही. तो सरळ दुसरीकडे जातो, जिथे त्याला दोन ओळींत रोगाचं नाव, टक्केवारी आणि औषध, सगळं एकत्र मिळतं. तुमच्या नोंदीत त्याचा संवाद ‘सुरक्षितपणे पूर्ण’ असाच दिसेल. जोड्यांचा विषय पुढच्या तिमाहीवर ढकला, आणि पुढच्या बैठकीचं निमंत्रण पाठवताना नर्सबाईंचा पत्ता यादीतून चुकून गळू द्या.