एकच लेख, वीस एरिया: हा उपाय आम्ही करून पाहिलाय

"गूगलवर पहिलं यायचंय? एक लेख लिहा, एरियाचं नाव बदलून वीस पानं करा: कोथरूड, बावधन, वारजे, हडपसर. रोज एक पोस्ट टाका. दुकानाच्या नावातच 'पुण्यातील बेस्ट' जोडा. महिन्यात नंबर एक, गॅरंटी!" असा सल्ला आम्हालाही मिळाला होता.

भाऊ कर्वेनगरमध्ये गिझर दुरुस्त करतो, वेबसाइटवर लिहायचं काम माझ्याकडे. वीस पानांचा प्रयोग आम्ही केला होता, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

Search Console हे वेबसाइटवाल्यांसाठी गूगलचं मोफत साधन आहे. ते उघडून Pages मध्ये गेलं, की कुठलं पान गूगलच्या यादीत आलं आणि कुठलं का नाही, ते दिसतं. आमच्या बहुतेक पानांपुढे Crawled - currently not indexed असं होतं. म्हणजे गूगल येऊन वाचून गेलं, पण ठेवण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. नाव बदलून गिऱ्हाईक एकाच ठिकाणी वळवणारी पानं गूगलच्या धोरणात स्पॅम धरली जातात. आणि खरं सांगायचं तर हडपसरच्या पानावर हडपसरचं काहीच नव्हतं.

एरियांमध्ये फरक असतो, पण तो पाण्यात असतो. धरणाचं पाणी नळाला येतं तिथे गिझर बरीच वर्षं तक्रार करत नाही. बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं. ते तापलं की क्षार सुटून एलिमेंटवर पांढरा थर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत जास्त तापतं, शेवटी त्याची नळी तडकते. आत पाणी शिरलं की करंट अर्थिंगला जातो आणि घराचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा मेनजवळचा स्विच, पडतो. तोवर टाकीतून खदखद आवाज येत असतो, पाणी तापायला वेळ लागत असतो.

हे सगळं भाऊ फोनवर रोज सांगतो. मी फक्त त्याचे फोन आठवडाभर वहीत टिपले. "गिझरमध्ये करंट लीकेज" असं कुणीच म्हणत नाही, लोक म्हणतात "गिझर लावला की मेन स्विच पडतो". तेच लेखाचं शीर्षक झालं. पहिल्या दोन ओळींत उत्तर: गिझरचा प्लग काढून आरसीसीबी वर करा. टिकला, तर दोष बहुधा गिझरमध्ये आहे. टिकला नाही, तर आधी वायरमनला बोलवा. स्विच पुन्हापुन्हा वर करत बसू नका. मग काढलेल्या एलिमेंटचा आमचाच फोटो, तपासणीचे पैसे किती, जड पाणी असेल तर टाकीला गंजण्यापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी का बघायची, आणि आम्ही कुठवर येतो. हिंजवडीकडची मंडळी बरेचदा इंग्रजीत शोधतात, म्हणून इंग्रजी लेख वेगळ्या पानावर, वेगळा लिहिला. एकाच पानात दोन्ही भाषा कोंबल्या नाहीत.

रोजच्या पोस्टबद्दल थोडक्यात. "शुभ सकाळ, गिझर सर्व्हिसवर सूट" या पोस्टमधून कुणाचा प्रश्न सुटत नाही. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख ताजी करू नका, असं गूगलही सांगतं. थंडी सुरू होण्याआधी आम्ही तोच लेख उघडतो, दर बदलतो, वर्षभरात आलेला एखादा नवा प्रश्न घालतो.

दुकानाच्या नावात शब्द जोडणं मात्र धोक्याचं आहे. गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलवर तेच नाव हवं जे पाटीवर आणि बिलावर आहे. जास्तीचे शब्द घातले की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग नकाशावरून दुकानच गायब होतं आणि ते परत मिळवायला अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं आलं.

आता गॅरंटी. नकाशातला क्रम ठरवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या कामाशी तुमचं काम जुळतं का, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती ठाऊक आहे, ज्यात रिव्ह्यूही येतात. लेख कितीही चांगला लिहा, कर्वेनगरचं दुकान हडपसरजवळ सरकत नाही. तिथल्या माणसाला आमचा लेख दिसलाच, तर नकाशाच्या खालच्या निकालांत दिसेल. पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

म्हणूनच दुकानात बसून स्वतःच्या फोनवर शोधू नका. तिथे तुम्ही स्वतःच्या सगळ्यात जवळ असता, त्यामुळे चित्र फसवं दिसतं. वारज्यातल्या आत्याला तिच्या फोनवर शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. आणि Search Console मध्ये Queries बघा: लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केले, ते तिथे मिळतात. पुढचा लेख कशावर लिहायचा, हे आम्ही तिथूनच ठरवतो.