रिरनला तोच आकडा आला म्हणून सोडायचा?

“एलआयएसला ऑटोव्हेरिफिकेशन आणि डेल्टा चेक लावलाय ना, मग सॅम्पल अदलाबदल झालं तर सिस्टिम पकडतेच. होल्डला आलेलं रिरन करायचं, तेच आलं की सोडायचं. बाकी काही बघायची गरज नाही.”

अदलाबदल पकडतेच? पकडते, पण दोघांचे आकडे एकमेकांपासून लांब असतील तरच. शेजारच्या दोन बेडवर क्रिएटिनिन 0.9 आणि 1.0 असेल आणि लेबलं उलटी लागली, तर सिस्टिमला काय कळणार? ओपीडीत पहिल्यांदा आलेल्याचा तर मागचा रिझल्टच नसतो, तुलना कशाशी करणार. सीबीसीत एमसीव्ही त्यातल्या त्यात कामाचा, कारण एकाच माणसात तो दोन-चार दिवसांत फारसा हलत नाही. 74 चा अचानक 91 झाला की आधी ट्यूबवरचं नाव बघा, मग रक्त चढवलंय का विचारा.

रिरनवाला मुद्दा मात्र खरंच घातक आहे. समजा काल पोटॅशियम 4.2, कॅल्शियम 9.1, एएलपी 86 आणि आज त्याच पेशंटचं 7.4, 5.1, 19. हिमोलिसिस इंडेक्स क्लीन. रिरन केलं की पुन्हा तेच येणार, कारण मशीन बरोबरच आहे, चुकलीय ती ट्यूब. कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलंय, किंवा आधी जांभळी भरून मग लाल भरलीय. त्यातलं ईडीटीए पोटॅशियमचं मीठ, म्हणून पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम ते बांधून ठेवतं, आणि एएलपीला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही ओढून घेतं म्हणून एएलपी कोसळतं. हे तिन्ही एकत्र दिसलं की रिपोर्ट न सोडता लगेच वॉर्डला फोन करायचा, सॅम्पलवर शंका आहे असं स्पष्ट सांगायचं आणि फ्रेश सॅम्पल मागायचं. पोटॅशियम खरंच वाढलेलं असू शकतं, म्हणून फोन लांबवायचा नाही, ईसीजी बघायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

उलटही होतं बरं का. डायलिसिसनंतर क्रिएटिनिन 8.2 चं 3.6 झालं तर डेल्टा ओरडतो, पण रिझल्ट खरा असतो. वेळ जुळवून बघा आणि सोडा, त्याला फ्रेश सॅम्पल कशाला.

आणि “बाकी बघायची गरज नाही” म्हणता, तर तीच ईडीटीएची भेसळ थोडीशी असली तर? पोटॅशियम 4.0 चं 4.9, कॅल्शियम 9.3 चं 8.2. एकेकटं बघितलं तर दोन्ही लिमिटमधून निसटू शकतं आणि रिपोर्ट थेट बाहेर. म्हणून पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली असा जोडनियम लावा, आणि तो लागला की माणसाने बघायचं. क्रिटिकल व्हॅल्यू, प्लेटलेट क्लम्प किंवा ब्लास्टचा फ्लॅग हेही ऑटोने सोडायचं नाही, क्लम्प आला तर स्मिअर बघितल्याशिवाय प्लेटलेट काउंट रिपोर्टच करू नका.