वर्णन : निळी बाटली

आमच्या शाळेची हरवले-सापडले नोंदवही माझ्याकडे आहे, कारण कामं वाटली त्या दिवशी मी रजेवर होतो.

वहीत रकाने पाच : वस्तूचं वर्णन, सापडल्याची तारीख, कोणाला सापडली, कोणी नेली, शेरा. सगळी भानगड पहिल्याच रकान्यात. आधीच्या बाईंनी पानोपानी ‘निळी बाटली’ एवढंच लिहून ठेवलंय. वही टेबलावर उघडी असते आणि पोरांना वाचता येतं, हा शिक्षणाचा तोटा. मधल्या सुट्टीत एका बाटलीवर अर्धा वर्ग हक्क सांगतो.

म्हणून मी अर्धंच वर्णन लिहितो. ‘स्टीलची बाटली, निळी’ वहीत. बुडाला पोचा आणि झाकणाची तुटलेली दोरी माझ्या खणातल्या चिठ्ठीवर. मग विचारायचं, “खूण सांग.”

“झाकणाला दोरी आहे, सर.”

“नाहीये.”

“कालच तुटली, सर!”

वकील होणार हा. दुसरी मुलगी मात्र न विचारता म्हणाली, “दादानं आपटली, खाली खड्डा पडलाय.” बाटली तिला दिली, सही घेतली. दोरीवाला अजून अपिलात आहे.

‘कोणाला सापडली’ हा रकाना मानाचा. सापडवणाऱ्याचं नाव परिपाठात वाचायला लागल्यापासून प्रामाणिकपणाला पूर आलाय. रिफिलचं टोपणसुद्धा जमा होतं. दुसरीतल्या एका चिरंजीवांना तर रोज काहीतरी सापडायचं. तारखा आणि नावं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कळलं की प्रत्येक वस्तूचा मालक याचाच बाकशेजारी. हरवायच्या आधीच सापडत होती.

स्वेटरचं उलटं. कॉलरवर नाव विणलेलं, तरी आई म्हणते, “आमचा नाही हो.” नवा घेऊन झालेला असतो ना!

पण खरी परीक्षा डब्याची. डबा त्याच दिवशी उघडायचा असतो. एक शुक्रवारी संध्याकाळी मिळाला आणि सोमवारपर्यंत कपाटात राहिला. मुख्याध्यापकांनी मला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ ऐकवलं : सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती सांभाळायला दिल्यासारखी जपायची. मान्य. पण मोड आलेल्या मटकीला तीन दिवसांनी आणखी काय काय येतं, त्याबद्दल कलम गप्प आहे.

मावशींनी नाकाला पदर लावून डबा घासला. मी शेरा लिहिला : ‘डबा स्वच्छ करून ठेवला. आतील ऐवज साक्षीदारासमक्ष नष्ट केला.’ मावशींचा अंगठा घेतला नाही, कारण तो साबणाचा होता.

मंगळवारी मुलाची आई आली. डबा उलटासुलटा पाहिला, सही केली आणि माझ्याच पेनानं शेऱ्याखाली लिहिलं : ‘चमचा मिळाला नाही.’