अपरिहार्य कारणास्तव

प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभाग पाहतो. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ हे पद ठेवण्याची सक्ती काढून टाकली. आमच्याकडे ते पद माझ्या गळ्यात तसेच राहिले, कारण ऑडिटरला पत्र लिहिण्यासाठी कोणीतरी लागतेच.

गुरुवार, १२ जूनला ऑडिटर येणार होते. सोमवारी, ९ जूनला, दुसऱ्या पाळीत आमचे सर्वांत मोठे मोल्डिंग मशीन बंद पडले. बाकीची तीन मशीन सुरू होती, परंतु ऑडिटच्या आराखड्यात ज्या भागाचे उत्पादन प्रत्यक्ष पाहायचे असे नमूद होते, तो भाग नेमका याच मशीनवर निघत असे. हायड्रॉलिक पंप कामातून गेला होता आणि नवा पंप येऊन बसायला पुढच्या सोमवारची संध्याकाळ उजाडणार होती. (संध्याकाळ उजाडते का, हे मला विचारू नये, त्या आठवड्यात सगळेच उलटे चालले होते.)

ऑडिटची तारीख पुढे ढकलण्याची विनंती करायची, एवढे सोपे काम माझ्याकडे आले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले, “आमचे मशीन अचानक बंद पडल्यामुळे…” सुपरवायझरने तो वाचला आणि न बोलता पाळीचे रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवले. त्यात शनिवारच्या रकान्यात ऑपरेटरने स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ‘पंपातून खडे भरडल्यासारखा आवाज येतो. कळवले आहे.’ दोन दिवस आधी आवाज देऊन मग बंद पडणाऱ्या मशीनला अचानक म्हणता येत नाही. शिवाय हे रजिस्टर ऑडिटर हमखास मागतात.

दुसऱ्या मसुद्यात मी खरे कारण लिहिले. टाकीतले ऑइल पंपाकडे ज्या जाळीतून जाते तो सक्शन स्ट्रेनर गाळाने भरला होता. त्यामुळे पंपाला पुरेसे ऑइल मिळेना, ऑइलमध्ये बुडबुडे तयार होऊन पंपाच्या आतच फुटू लागले, त्यांनी आतला पृष्ठभाग टोचून टोचून खाल्ला आणि अखेर दाबच तयार होईना. खडे भरडल्याचा आवाज त्या बुडबुड्यांचा होता. मसुदा वाचून मेंटेनन्सचे प्रमुख म्हणाले, “स्ट्रेनर हा शब्द काढा.” मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “स्ट्रेनर लिहिलात तर तो शेवटचा कधी साफ केला होता, असे ते विचारतील.” मी म्हटले, “मग कधी केला होता?” यावर त्यांना एकाएकी दुसऱ्या मशीनकडे जाण्याची निकड भासली.

तिसरा मसुदा साहेबांनी स्वतः सांगितला : “अपरिहार्य कारणास्तव ऑडिट पंधरा दिवस पुढे घ्यावे.” या दोन शब्दांत लग्नापासून मोर्चापर्यंत काहीही मावते, म्हणूनच ऑडिटरला त्यांचा अर्थ ‘काहीतरी लपवत आहेत’ असा लागतो. शिवाय पंधरा दिवस आमच्या हातात नव्हतेच. आमचे प्रमाणपत्र नवे होते आणि ते देण्याचा निर्णय मागच्या वर्षी १८ जूनला झाला होता. पहिले पाळत ऑडिट त्या निर्णयापासून १२ महिन्यांच्या आत व्हावेच लागते. तो नियम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवरच बंधनकारक असतो, त्यामुळे ऑडिटर कितीही दयाळू असले तरी त्यांच्या दयेची मुदत १८ तारखेला संपणार होती. मशीन सोमवारी रात्री सुरू होणार आणि दार बुधवारी बंद होणार. मधला एक मंगळवार तेवढा आमचा होता.

शेवटी पत्र बाजूला ठेवून मी फोन केला. ऑडिटरांचा आवाज शांत होता, आणि ऑडिटरचा शांत आवाज ऐकला की मला माझ्या सगळ्या फायली एकदम आठवतात.

“सर, मशीन बंद पडले आहे. मंगळवारी, १७ तारखेला येणे आपल्याला जमेल का?”

“पाहतो. किती वाजता बंद पडले?”

“सोमवारी रात्री आठच्या सुमारास.”

“आणि आवाज कधीपासून येत होता?”

आवाजाविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. परंतु पंप असा मरतो तेव्हा आधी ओरडतो, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. मी शनिवार म्हणालो.

“म्हणजे शनिवारपासून सोमवार रात्रीपर्यंत दाब कमी होत असताना माल निघत होता. तो कुठे आहे?”

या प्रश्नाचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. आम्ही सगळे पंपाच्या शोकात होतो. आमच्या मशीनमध्ये साचा ऑइलच्या दाबानेच बंद राहतो. दाब उतरला की वितळलेले प्लॅस्टिक आत शिरताना साचा केसभर उघडतो आणि भागाच्या कडेला पातळ पापुद्रा येतो, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. थोडा पापुद्रा कामगार पातीने खरवडून टाकतात आणि भाग देखणा दिसतो. पण साचा जेवढा उघडला, तेवढी त्या भागाची जाडी वाढलेली असते, आणि ती पातीने खरवडता येत नाही.

“तपासून सांगतो,” असे म्हणून मी गोदामाकडे निघालो. निघालो हा शब्द मी पदाचा मान राखण्यासाठी वापरत आहे. शनिवारपासूनच्या मालाची १४ खोकी तिथे होती. त्यांतली ९ गाडीत चढवायच्या रांगेत हिरव्या चिठ्ठीसह उभी होती. मी सगळ्यांवर लाल टॅग लावले, ती वेगळ्या कोपऱ्यात हलवली आणि जाडी मोजायला माणूस बसवला. शनिवारची खोकी मापात निघाली. सोमवारच्या दुपारनंतरची ३ खोकी बाद झाली. तारीख बदलून मागायला फोन केला नसता, तर ती ३ खोकी ग्राहकाकडे पोचली असती.

मी पुन्हा फोन करून आकडे सांगितले. ते म्हणाले, “ठीक आहे, मंगळवार. आता हेच सगळे पत्रात लिहून पाठवा.” करारानुसार ऐन वेळी तारीख बदलण्याचे शुल्क भरावे लागेल, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले. चौथ्या मसुद्यात स्ट्रेनर होता, शनिवारचा आवाज होता, १४ खोकी होती. मेंटेनन्सच्या प्रमुखांनी तो वाचून नुसता सुस्कारा सोडला. साहेबांनी सही करताना “यात अपरिहार्य काय आहे?” असे विचारले, आणि मी “मंगळवार” असे उत्तर दिले.

सोमवारी रात्री पंप बसला. टाकी रिकामी करून धुतली, नवे ऑइल भरले, मशीन गुणगुणू लागले. मंगळवारी ऑडिटर आले, तेव्हा मशीन असे झळकत होते की सत्यनारायण घालावा. ऑडिटरांनी त्याच्याकडे ओझरते पाहिले, पहिल्या भागाची जाडी मोजून घेतली आणि ते खुर्चीत बसले. त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. ते माझेच पत्र होते, आणि त्यात ‘स्ट्रेनर’ या शब्दाखाली रेघ ओढलेली होती.

“मेंटेनन्सची चेकलिस्ट दाखवता का?”

चेकलिस्ट आली. स्ट्रेनर दर महिन्याच्या १ तारखेला साफ केल्याच्या सहा खुणा, एकाच पेनाने, एकाच झोकात केलेल्या, ओळीने उभ्या होत्या. ऑडिटरांनी शेवटच्या खुणेवर बोट ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. मग मीही पाहिले. मग मेंटेनन्सच्या प्रमुखांनीही पाहिले.

१ जूनला रविवार होता आणि कारखान्याला कुलूप होते.