पाच लाख मागताय? आधी किलो सांगा

आज एका घरमालकाने त्याच्या ठेकेदाराचं पत्र वाचायला पाठवलं. "स.न.वि.वि. युद्धामुळे स्टील व सिमेंटचे भाव प्रचंड वाढल्याने ठरलेला दर परवडत नाही. तरी दर १,९०० ऐवजी २,१५० करावा, अन्यथा काम चालू ठेवणे शक्य नाही." खाली सही. संपलं पत्र.

बंगला २,००० चौरस फुटांचा, करार मटेरियलसकट. म्हणजे तीन ओळींत पाच लाख! सोबत एक बिल नाही, एक आकडा नाही. मग मालक "करार म्हणजे करार" म्हणाला तर कुणाचं चुकलं?

लोखंड वाढलंय, त्यात वाद नाही. दिवाळीत करार झाला तेव्हा किलोला ५८ होता, या एप्रिलमध्ये ७६. पण अशा घराला चौरस फुटाला साधारण ४ किलो धरा, एकूण ८ टन. फुटिंग, प्लिंथ आणि पहिला स्लॅब झालाय, त्यातलं साडेचार टन जुन्या भावाने येऊन काँक्रीटमध्ये गाडलंही गेलं. त्याचा वाढीव भाव कसला मागता? उरलं साडेतीन टन. ठेकेदाराने पहिली ५ टक्के वाढ स्वतः सोसावी, एवढी जोखीम ठोक दरात गृहीतच असते. ५८ चे ५ टक्के २ रुपये ९० पैसे. राहिले १५ रुपये १० पैसे, गुणिले ३,५०० किलो: ५२,८५०. सिमेंटच्या ३०० गोण्या बाकी, ३३० ची ३७० झाली, तोच हिशेब लावला तर ७,०५०. एकूण ५९,९००. साठ हजारही नाहीत, आणि पत्रात पाच लाख.

त्यातही मेख आहे. मालकाने बिलं मागितल्यावर आजचं जे कोटेशन आलं, त्यात भाव ८९.६८. तो जीएसटी धरून! आणि दिवाळीचा ५८ जीएसटी सोडून. अशाने १८ ची वाढ ३२ च्या घरात दिसते. मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही, पण दोन्ही भाव एकाच मापाचे हवेत: करविरहित, त्याच ब्रँडचे, त्याच जाडीचे. ८ एमएमची सळई १२ एमएमपेक्षा महाग असते, ती दोन बिलं शेजारी ठेवून फरक काढू नका. जीएसटी शेवटी, फक्त निघालेल्या फरकावर.

आता मालकांनो, तुम्हीही फार खूश होऊ नका. हो, कायद्याने तुमचं बरोबर आहे. भाव वाढला म्हणून करार कायद्याच्या कलम ५६ खाली सुटका होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात ते स्पष्ट केलंय. पण तोट्यातला ठेकेदार कोर्टात जात नाही हो. तो रिंगा १५० ऐवजी २०० एमएमवर बांधतो आणि स्लॅब भरल्यावर ते कुणालाच दिसत नाही. नाहीतर सेंटरिंग काढून निघून जातो. नवा माणूस आजच्याच भावाने दर देणार, वर जुन्या स्लॅबची हमी घेणार नाही. साठ हजारांसाठी हे ओढवून घ्यायचं?

दोघांनी राजीखुशीने बदल करायला कलम ६२ आहेच. त्या ठेकेदाराचंही वाईट वाटतं खरं तर. लेबर हाताळण्यात हयात गेली, पत्र कसं लिहायचं कुणी शिकवलंच नाही. त्याने एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं:

"मूळ दर १,९०० कायम ठेवून फक्त उरलेले ३,५०० किलो स्टील व ३०० गोण्या सिमेंट यांच्या भावफरकाचा विचार व्हावा ही विनंती. करारावेळची व आजची बिले आणि उरलेल्या कामाच्या सळयांचा तक्ता म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल सोबत जोडले आहे. पहिली ५ टक्के वाढ मी सोसेन. फरकावर नफा घेणार नाही. रक्कम प्रत्यक्ष खरेदीचे बिल व वजनकाट्याची पावती दाखवल्यावर, स्लॅबच्या हप्त्यासोबत द्यावी. भाव ५ टक्क्यांहून जास्त उतरल्यास त्याच पद्धतीने वजावट करावी."

शेवटचं वाक्य ठेकेदारांना जड जातं. का? वाढला की मालकाचा आणि उतरला की तुमचा, असं कसं चालेल?

एक मुद्दा मालकाच्या बाजूने राहतो. वेळापत्रकात स्लॅब फेब्रुवारीचा असेल आणि ठेकेदाराच्याच दिरंगाईने एप्रिल उजाडला असेल, तर फरक फेब्रुवारीच्या भावापर्यंतच. मालकाने नकाशा बदलून उशीर केला असेल तर मात्र आजचा भाव.

मान्य झालं की दोघांच्या सह्यांचा पुरवणी करार करा, मूळ कराराची तारीख आणि "बाकी अटी कायम" हे त्यात हवंच. व्हॉट्सॲपवरच्या "ओके" वर सळई उतरवून घेऊ नका. आणि हे सगळं पुढच्या स्लॅबचं लोखंड मागवण्याआधी. माल साइटवर पडल्यावर पत्र गेलं की मालक विचारणारच, घेताना का नाही बोललात?

त्या मालकाला सांगितलंय, पत्र फाडू नका. शेड्यूल आणि दोन्ही बिलं मागवा, ती आल्यावर बसू.