पंचेचाळीसचा हिशेब

मे महिन्यातली सोलापूरची दुपार पंख्याखालीच काढावी लागते. पेपरातलं शब्दकोडं सकाळच्या चहातच संपलेलं असतं आणि सुडोकू पेन्सिलीला टोक काढेपर्यंत सुटतं. अशा व्यसनी माणसाला मी मोबाईलवरचा किलर सुडोकू सुचवतो. पुढच्या तक्रारींना मी जबाबदार नाही.

सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संच फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. त्यातलं `Solo` उघडून `Type` मध्ये `Killer` निवडायचं. फक्त `Unreasonable` पातळीला हात लावू नका. तिथे अंदाज करून, चुकलं की मागे फिरावं लागतं आणि तर्काचा सगळा रुबाब उतरतो.

नेहमीचे नियम कायम, पण सुरुवातीचे आकडे बहुतेक गायब. त्याऐवजी तुटक रेषांचे पिंजरे असतात. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्याची बेरीज लिहिलेली असते आणि पिंजऱ्यात एकही आकडा दोनदा येत नाही. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, तीन घरांत ७ म्हणजे १, २, ४. एवढं पाठ असलं की हात चालू लागतो.

खरी किल्ली म्हणजे ४५. एक ते नऊची बेरीज तेवढी, म्हणून प्रत्येक ओळ, प्रत्येक स्तंभ आणि तीन बाय तीनचा प्रत्येक चौकोन ४५चाच. समजा, वरच्या डाव्या चौकोनातला पहिला उभा स्तंभ ७चा पिंजरा आहे. वरच्या ओळीतली पुढची दोन घरं आणि चौकोनाबाहेरचं लगतचं एक घर मिळून १५. उरलेल्या चार घरांत मधली आडवी जोडी १७ची, खालची १०ची. सगळी बेरीज ४९. चौकोनाच्या वाट्याला ४५च येतात, म्हणजे बाहेर डोकावणारं घर ४! मग १५मधले आतले दोघे मिळून ११. १, २, ४ आणि ८, ९ आधीच वाटले गेलेत, म्हणून ११ला ५-६ आणि १०ला ३-७. शिवाय वरच्या ओळीत ४ बसला, तेव्हा ७च्या पिंजऱ्यातला ४ वरच्या घरात येऊच शकत नाही.

एकही आकडा न देता हे सगळं कळतं, आणि इथेच माणूस बिघडतो. जेवायला हाक आली की "आलोच, चौकोन संपवतो" म्हणतो आणि भाकरी गार होते.

फसतं कुठे? बाहेर डोकावणारा पिंजरा धरायचा राहतो किंवा दोनदा धरला जातो. बाहेरचं एकटं घर १२ किंवा शून्य निघालं, तर कोडं चुकीचं नाही, तुमची बेरीज चुकीची. वाईट प्रकार म्हणजे चुकून ६ निघतो. तो निमूटपणे बसतो आणि पाऊण तासाने एका स्तंभात दोन ६ दिसतात. म्हणून ४५ची बेरीज दोनदा करा, वरून खाली आणि खालून वर. शेंगाचटणीच्या तेलकट बोटाने ८च्या जागी ९ दाबला गेला तर मात्र गणिताला दोष देऊ नका, हात धुवा.

एक चौकोन दाद देत नसेल, तर शेजारचा जोडून घ्या आणि ९० धरा. तेही नाही जमलं, तर तिन्ही चौकोनांचे १३५. नळाला पाणी आलं, तर कोडं तसंच सोडून उठा. आपल्याकडे ते पुन्हा कधी येईल हे ४५च्या नियमानेही निघत नाही.