शर्टाची छाती आणि माणसाची छाती

वहिनी घरी पुरुषांचे शर्ट शिवतात आणि ऑनलाइन विकतात. त्यांच्या शर्टांसाठी मापांचा तक्ता करून देण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. टेप आहे, शर्ट आहे, टेबल आहे, मग अवघड ते काय, असे मला वाटले होते.

सुरुवात तर शास्त्रशुद्ध झाली. शर्टाची सगळी बटणे लावली, तो टेबलावर पालथा पसरला, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि मुंढ्याच्या खाली अडीच सेंटीमीटरवर या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत टेप धरला. माप आले ५३ सेंटीमीटर. मी तक्त्यात ‘छाती ५३’ असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी, हा शर्ट नुकत्याच चालू लागलेल्या बाळाचा आहे का, अशी अत्यंत सभ्य शब्दांत विचारणा केली. पसरलेल्या शर्टाची आपण फक्त एक बाजू मोजतो, आणि माणसाला मात्र पाठही असते, हे माझ्या ध्यानातून निसटले होते. मी दुप्पट करून १०६ लिहिले. दुपटीत एक खोच आहे, ती वहिनींनी तेव्हाच सांगितली: टेबलावर कापड एक सेंटीमीटर ताणले गेले, तर तक्त्यात दोन सेंटीमीटरची थाप लागते. म्हणून कापड सारखे करायचे, ओढायचे नाही. शिवाय सुती शर्ट धुतल्यावर आटतो, त्यामुळे मोजायचा तो एकदा धुऊन वाळवलेला.

एवढे करूनही शीर्षक मी नुसते ‘छाती’ असेच ठेवले, आणि तिथे घात झाला. ज्यांच्या छातीचा घेर बरोबर १०६ होता अशा एका सज्जनांनी तो आकडा आपलाच समजून शर्ट मागवला. शर्ट परत आला, सोबत चिठ्ठी होती: ‘शर्ट घालता आला. श्वास घेता आला नाही.’

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही शर्टाची छाती लिहिलीत, त्यांनी ती माणसाची म्हणून वाचली. मधली ढिलाई कुठे गेली?”

ढिलाई म्हणजे अंगाच्या घेरापेक्षा कपड्याचा घेर जितका जास्त असतो तितके माप. न ताणणाऱ्या कापडाच्या साध्या शर्टाला वहिनी छातीत साधारण १० सेंटीमीटर ढिलाई देतात, कारण शर्टातल्या माणसाला श्वास घ्यायचा असतो, हात पुढे करायचा असतो आणि कधीतरी वरच्या फळीवरचा डबाही काढायचा असतो. म्हणजे १०६ घेराचा शर्ट ९६ छातीच्या माणसाचा. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टाचा हिशेब मात्र वेगळा असतो; अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट मोजला तर अंगापेक्षा लहानही भरतो आणि तरीही सुखाने चढतो. त्यामुळे शर्टाचा तक्ता टी-शर्टाला लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तो मी केला नाही. मी दुसरा केला. मोजलेला शर्ट एकच होता, म्हणून मोठ्या आकारांसाठी मी प्रत्येक मापात चार-चार सेंटीमीटर मिळवत गेलो. तीन पायऱ्या वर जाईपर्यंत ६२ सेंटीमीटरची बाही ७४ झाली, म्हणजे हात संपला तरी बाही संपायची चिन्हे नाहीत अशी अवस्था आली. “माणूस रुंद झाला म्हणून त्याचे हात लोंबत नाहीत हो,” एवढेच वहिनी म्हणाल्या. घेर जितका वाढतो तितकी बाही वाढत नाही. एका शर्टावरून एकाच आकाराचे माप कळते. बाकीचे आकार कपाटातून काढून एकेक करून मोजावे लागतात. ते मी मोजले, पाठ धरेपर्यंत.

अखेर तक्त्यात दोन वेगळे रकाने झाले: ‘शर्टाचा छातीचा घेर १०६’ आणि ‘अंगाची छाती ९४ ते ९८’. खाली एक सूचना घातली की शंका असल्यास स्वतःचा नीट बसणारा शर्ट याच रीतीने पसरून मोजावा आणि शर्टाच्या मापाशी ताडून पाहावा.

हे सगळे तपासायला शर्ट घालून उभा मीच होतो, कारण माझी छाती ९६ आहे, हे मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे. वहिनींनी खात्रीसाठी टेप घेतला, काखेखालून छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून फिरवला, पाठीमागे तो खाली घसरला नाही ना हे पाहिले आणि माझ्याशी दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या. मी उत्तर द्यायला श्वास सोडला, तेव्हा त्यांनी आकडा वाचला: १०१. म्हणजे १० सेंटीमीटर ढिलाई समजून मी जो शर्ट ऐटीत मिरवत होतो, त्यात ती जेमतेम ५ होती. तिसरे बटण रोज दुपारी का कुरकुरते, हे मी आजवर धोब्याच्या माथी मारत होतो.